पगाराचा अनुभव थोडा आणि बिनपगारी कामं भरपूर: रेझ्युमेत किती धरायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरीच्या आसपासच्या फळप्रक्रिया उद्योगांना आणि पॅकहाउसना माणसं निवडायला मदत करतो. कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींचे रेझ्युमेही तपासून देतो. दोन्हीकडे एकच अडचण दिसते. पगाराची नोकरी नावापुरती झालेली असते, पण एनएसएस, गावचं मंडळ, कासवांचं काम, घरची बाग असं बरंच काही केलेलं असतं. त्यातलं किती धरायचं हे लिहिणाऱ्यालाही ठरवता येत नाही आणि वाचणाऱ्यालाही. खालचे बरेचसे प्रश्न एकाच उदाहरणाभोवती घेतले आहेत. त्यातली मुलगी आणि तिचे आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत. कामं मात्र आपल्या किनाऱ्यावर दरवर्षी होतात तीच आहेत.

बिनपगारी काम अनुभव म्हणून धरतात का?

खासगी, लहान-मध्यम उद्योगात धरतात, पण आपोआप नाही. मालक पगारी अनुभव लगेच का मान्य करतो ते आधी बघू. कुणीतरी या माणसाला महिन्याला पैसे दिले, म्हणजे त्याच्या कामाची कुणाला तरी गरज होती. ते काम कुणीतरी बघत होतं, आणि वाईट झालं असतं तर पैसे थांबले असते. पगार या दोन्ही गोष्टींची साक्ष देतो. बिनपगारी कामाला ती साक्ष नसते, म्हणून ती आपल्याला वेगळी द्यावी लागते.

त्यामुळे प्रत्येक कामाला मी तीन प्रश्न लावतो. हे काम झालं नसतं तर कुणाचं अडलं असतं का? झालेलं काम दुसऱ्या कुणी तपासलं का? आणि जिथे अर्ज करताय तिथे रोज असंच काही करावं लागणार आहे का? पहिल्या दोन्हींचं उत्तर "हो" असेल तर त्या कामाचे तास मी पूर्ण धरतो. एकाचंच "हो" असेल तर निम्मे धरतो. एकही नसेल तर ते काम आवडीनिवडीच्या ओळीत जातं. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ते काम कागदावर वर जाईल की खाली, हे ठरतं.

हा कुठल्या खात्याचा नियम नाही, माझा वापरातला हिशेब आहे. पण तो तुम्ही स्वतःला लावलात तर समोरचा काय विचार करणार हे बऱ्यापैकी आधी कळतं.

एनएसएस दोन वर्षं केलं. "दोन वर्षांचा अनुभव" असं लिहू का?

नको. एनएसएसचं प्रमाणपत्र दोन वर्षांत २४० तासांच्या कामावर आणि सात दिवसांच्या एका विशेष शिबिरावर मिळतं. २४० तासांना आठ तासांच्या पाळीने भागलं की तीस दिवस होतात. म्हणजे महिन्याभराच्या नोकरीहून थोडं जास्त. अर्ज वाचणाऱ्याने स्वतः कॉलेजात एनएसएस केलेलं असेल तर त्याला हे ठाऊक असतं. "दोन वर्षं" वाचून तो मनातल्या मनात त्याचा एक महिना करतो आणि पुढच्या प्रत्येक ओळीवर संशय घ्यायला लागतो.

म्हणून सगळं तासांत मोजा. पहिल्यांदा मोजताना वाईट वाटतं, कारण तीन वर्षांची धावपळ आकसून काही आठवड्यांची होते. पण हा आकडा कुणी खोडून काढू शकत नाही. शिवाय २४० तासांतही सगळं सारखं नसतं. व्याख्यानाला बसणं, रॅलीत चालणं, समुद्रकिनारा झाडणं आणि शिबिराची कोठी सांभाळणं ही चार वेगळी कामं आहेत. नोकरीच्या दृष्टीने त्यातलं एखादंच मोलाचं असतं, आणि ते वेगळं काढून लिहावं लागतं.

एखादं उदाहरण घेऊन पूर्ण हिशेब दाखवाल का?

गुहागर तालुक्यातली एक मुलगी घेऊ. बी.कॉम. झालेली आहे. रत्नागिरीजवळच्या एका फळप्रक्रिया कारखान्यात स्टोअर असिस्टंटची जागा निघाली आहे. जाहिरातीत लिहिलंय: मालाची आवक-जावक नोंद, एक्सेल, ट्रकवाल्यांशी आणि पुरवठादारांशी फोनवर बोलणं, किमान सहा महिने अनुभव.

तिचं पगारी काम एकच. एका पॅकहाउसमध्ये दोन महिने आंब्याची प्रतवारी आणि पेट्या भरणं. बाकी सगळं बिनपगारी.

घरची बाग आहे. गेले दोन हंगाम विक्रीचा हिशेब तीच बघते. वाशीला किती पेट्या गेल्या ते लिहून ठेवायचं, दलालाकडून पट्टी आली की पेट्या, डझन, दर, हमाली, भाडं आणि दलाली ओळीने जुळवायची, आणि तफावत निघाली तर फोन लावायचा. पुण्यामुंबईची थेट गिऱ्हाइकं वेगळी. हंगामाचे दहा आठवडे, आठवड्याला साधारण १२ तास, म्हणजे हंगामाला १२० आणि दोन हंगामांचे २४० तास. अडलं असतं का? हो, गिऱ्हाइकाची पेटी चुकली असती आणि बापाचे पैसे अडकले असते. तपासलं का? हो, समोर दलालाची वही होतीच. तास पूर्ण धरले.

एनएसएसच्या शिबिरात सात दिवस कोठी तिच्याकडे होती. सकाळी तांदूळ, डाळ, तेल मोजून द्यायचं, संध्याकाळी शिल्लक लिहायची, दुसऱ्या दिवशीची मागणी काढायची. रोज सहा तास धरले तर ४२ तास. पन्नास जणांचं जेवण त्यावर होतं आणि कार्यक्रम अधिकारी रोज सही करत होते. पूर्ण धरले. एनएसएसचे बाकीचे तास खरे आहेत, पण या नोकरीसाठी त्यांना एक ओळ पुरे.

वाडीच्या गणेशोत्सव मंडळाची वर्गणी आणि खर्चाची वही दोन वर्षं तिच्याकडे होती. वर्षाला पंधरा दिवस, रोज तीन तास, म्हणजे दोन वर्षांचे ९० तास. विसर्जनानंतर बैठकीत जमाखर्च वाचून दाखवला आणि मंजूर झाला. वाडीची बैठक एका रुपयाचाही प्रश्न विचारते, त्यामुळे ही तपासणी कडक आहे असं मी मानतो. पूर्ण धरले.

कासवांच्या हंगामात सोळा रविवारी पहाटे किनाऱ्यावर जाऊन तिने घरट्यांच्या नोंदवहीत मदत केली. घरटं सापडल्याची तारीख, अंडी किती, हॅचरीत कुठे पुरली, पिल्लं किती बाहेर आली हे सगळं लिहायचं. चार तासांप्रमाणे ६४ तास झाले. नोंद चुकली तर पिल्लं कधी निघणार याचा अंदाज चुकतो, आणि ही वही वनखात्याकडे जाते. हेही पूर्ण धरले.

शिवाय गावच्या फोटोंचं तिचं एक इन्स्टाग्राम पान आहे आणि कॉलेजच्या वाङ्मय मंडळाची ती सदस्य होती. यात कुणाचं अडलं नव्हतं आणि कुणी तपासलंही नव्हतं. तास शून्य धरले.

बेरीज २४०, ४२, ९० आणि ६४ मिळून ४३६ तास. आठने भागलं की साडेचोपन्न दिवस, आणि महिन्याला २६ कामाचे दिवस धरले तर दोन महिन्यांहून किंचित जास्त. पगाराचे दोन महिने मिळवले की चार महिने होतात. जाहिरातीत सहा मागितलेत.

म्हणजे अनुभव कमी पडतो. तरीही तिने अर्ज करावा असं मी सांगेन, कारण या चार महिन्यांतला मोठा भाग नोंद आणि मेळ घालण्याचा आहे आणि जागाही त्याचीच आहे. उलट हीच मुलगी हॉटेलच्या रिसेप्शनसाठी अर्ज करणार असेल, तर हाच हिशेब तिला फारसा उपयोगी नाही. तिथे फक्त गिऱ्हाइकांशी फोनवर बोलण्याचे तास वेगळे काढून दाखवावे लागतील, आणि ते बरेच कमी भरतील.

मग कागदावर कुठलं काम वर? पगाराचं वर हवं ना?

इथे बहुतेक जण चुकतात असं मला वाटतं. या मुलीने पॅकहाउसचं पगारी काम वर टाकलं आणि पट्ट्यांचा हिशेब शेवटी "इतर उपक्रम" खाली एका ओळीत बसवला, तर वाचणाऱ्याला ती पेट्या भरणारी मुलगी दिसते. पॅकहाउसमध्ये तिने हाताने आंबा बघितला, आणि त्याचाही उपयोग आहे. पण स्टोअरमध्ये रोज लागणारं काम तिने घरी केलं आहे.

मी "कामाचा अनुभव" असं एकच शीर्षक ठेवायला सांगतो. त्याखाली पगारी आणि बिनपगारी दोन्ही लिहावं, पण प्रत्येकापुढे ते कसलं काम आहे हे स्पष्ट असावं. जे नोकरीला सगळ्यात जवळचं ते आधी, तीन-चार ओळींत. दुसऱ्याला दोन-तीन ओळी. तिसऱ्या-चौथ्याला एकेक ओळ. बाकीचं निघालं तरी चालेल. एकच पान असतं आणि वाचणारा ते उभ्या उभ्या वाचतो.

या मुलीने मूळ कागदात लिहिलं होतं, "आंबा व्यवसायात दोन वर्षांचा अनुभव. मेहनती व जबाबदार." त्याजागी असं येईल:

"घरच्या आंबा बागेचा विक्री-हिशेब. कौटुंबिक व्यवसाय, बिनपगारी. दोन हंगाम, मार्च ते मे, आठवड्याला सुमारे १२ तास. वाशीला पाठवलेल्या पेट्या आणि आलेल्या पट्ट्या यांचा मेळ एक्सेलमध्ये घातला. तफावत आल्यास दलालाशी बोलून ती मिटवली. थेट गिऱ्हाइकांच्या ऑर्डर, पाठवणी आणि वसुलीची वेगळी नोंद ठेवली."

दुसरी नोंद पॅकहाउसची: "आंबा प्रतवारी आणि पॅकिंग, पगारी, दोन महिने." त्यात वजन, प्रत आणि खराब माल बाजूला काढण्याबद्दल एक वाक्य. तिसरी मंडळाची वही, चौथी शिबिराची कोठी. कासवांच्या नोंदींना एक ओळ. इन्स्टाग्रामचं पान काढून टाका. वाङ्मय मंडळाचं सदस्यत्व हवं तर शिक्षणाच्या ओळीत ठेवा.

"मेहनती" आणि "जबाबदार" हे शब्द गेले तरी काही बिघडत नाही. तफावत मिटवली असं वाचल्यावर ते वाचणाऱ्याच्या मनात आपोआप येतं.

घरच्या धंद्यातलं काम "स्वयंसेवी" म्हणून लिहायचं का?

नाही, ते कौटुंबिक व्यवसायातलं बिनपगारी काम आहे, तसंच लिहा. आपल्याकडे बाग, खाणावळ, होमस्टे, होडी, किराणा दुकान यांत हात न लावलेली मुलं विरळाच. तरी बहुतेक जण हे काम लिहीतच नाहीत, कारण घरचं ते काय काम असं त्यांना वाटतं. माझ्या मते नवख्या उमेदवाराच्या कागदावर क्लबच्या पदांपेक्षा याचं वजन जास्त असतं. तिथे गिऱ्हाईक खरं असतं, पैसा खरा असतो आणि चूक झाली तर घरातच बोलणी बसतात.

फक्त एक बंधन पाळा. "बागेचा व्यवस्थापक" असं पद स्वतःला देऊ नका. बाग वडील किंवा काका बघत असतील तर तसंच सांगा आणि तुमच्या वाट्याला आलेला भागच तेवढा लिहा. फवारणी कधी करायची हे तुम्ही ठरवत नव्हता, तर मुलाखतीत तुडतुड्याबद्दल एक प्रश्न येताच ते उघडं पडतं.

पुरावा म्हणून सरपंचांचा दाखला जोडला तर?

सरपंचांचा दाखला वर्तणुकीचा असतो. "सदर उमेदवार माझ्या परिचयाचे असून त्यांची वर्तणूक चांगली आहे." हे कामाला येतं, पण काम केल्याचा पुरावा म्हणून त्याचं वजन जवळजवळ नसतं, कारण सरपंचांनी तुमची वही कधी उघडलेली नसते.

ज्याने प्रत्यक्ष काम बघितलं त्याचं नाव द्या. कोठीसाठी एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी, वहीसाठी मंडळाचे खजिनदार, कासवांसाठी ज्यांच्या हाताखाली नोंदी केल्या ते. बागेच्या हिशेबासाठी वडिलांची सही चालत नाही. तिथे ज्या दलालाशी तुम्ही बोलत होता तो, किंवा नेहमीचं एखादं गिऱ्हाईक. त्यांना आधी विचारा, आणि आपण काय लिहिलं आहे ते वाचून दाखवा. फोन आला आणि समोरचा म्हणाला, "हो, पोरगी चांगली आहे, पण ती नक्की काय करायची ते माहीत नाही," तर तो फोन न आलेला बरा.

कागद म्हणाल तर एक्सेलची एक शीट, नावं आणि नंबर झाकून, मोबाईलमध्ये किंवा छापून जवळ ठेवा. मी स्वतः उमेदवाराला सगळ्यात आधी तीच दाखवायला सांगतो. रकाने कसे पाडलेत यावरून कुठला हिशेब खरा वापरात होता ते दोन मिनिटांत कळतं. वापरातल्या शीटमध्ये "परत आलेल्या पेट्या" किंवा "उरलेली वसुली" असा रकाना मध्येच घुसवलेला असतो. दाखवायला केलेली शीट एकदम स्वच्छ असते.

मंडळाचा अध्यक्ष, क्लबचा सचिव, अशी पदं लिहावीत का?

पदापुढे काम लिहिता येत असेल तर लिहा. येत नसेल तर पद काढा. कॉलेजच्या एका मंडळात आठ-दहा पदं असतात आणि त्यांतली निम्मी फलकावरच राहतात, हे सगळ्यांनाच माहीत आहे.

राजकीय पक्षाच्या युवा शाखेचं काम असेल तर मी ते सहसा लिहायला सांगत नाही. काम खरं असलं तरी वाचणाऱ्याचं लक्ष कामावरून पक्षाकडे जातं.

स्वतः केलेला प्रकल्प, म्हणजे ॲप, वेबसाइट, चॅनेल, याचं काय?

कोडिंग किंवा डिझाइनच्या नोकरीसाठी प्रकल्प बराच वर येऊ शकतो, पण प्रश्न तेच राहतात. समजा एका मुलाने आपल्या तालुक्यातल्या एसटीच्या वेळा दाखवणारं वेबपान केलं. आठवड्यात बांधलं आणि सोडून दिलं, तर तो सराव झाला. शिकण्याच्या ओळीत त्याचा उल्लेख पुरे. पण आगाराने वेळा बदलल्या की तो जाऊन नव्या वेळा भरतो, कुणी "चार पाचची गाडी बंद झाली" असं कळवलं की दुरुस्त करतो, आणि हे वर्षभर चाललं आहे, तर माझ्या हिशेबात ते काम आहे. कारण चुकीची वेळ दिसली तर कुणीतरी थांब्यावर ताटकळतं, आणि ते लोकच त्याचं काम तपासतात.

अशा प्रकल्पाची ओळ लिहिताना कुठली भाषा वापरली याबरोबर कोण वापरतं आणि शेवटची दुरुस्ती कधी केली हेही लिहा. लिंक चालू आहे का ते अर्ज पाठवायच्या दिवशी स्वतः उघडून बघा. बंद पडलेली लिंक नसलेल्या लिंकपेक्षा वाईट. व्हिडिओ बघून जसाच्या तसा केलेला प्रकल्प असेल तर तसं सांगा आणि त्यात स्वतःचं काय घातलं तेवढंच लिहा. मुलाखतीत "हा भाग असाच का केला?" असं विचारलं की उसनं काम लगेच कळतं.

महापुरात मदत केली होती. ती लिहू का?

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर जिल्हाभरातून मुलं गाळ काढायला गेली. ते काम मोठं होतं, आणि ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण रेझ्युमेतलं वजन आदरावर ठरत नाही. चार दिवस गाळ काढला असेल तर एक ओळ, तीही जागा असेल तरच. त्याच दिवसांत कुणी मदतकेंद्रावर आलेल्या आणि वाटलेल्या मालाचं रजिस्टर ठेवलं असेल, कुठल्या वाडीला किती किट गेले आणि शिल्लक किती हे रोज रात्री जुळवलं असेल, तर स्टोअरच्या नोकरीसाठी त्याला दोन ओळी मी आनंदाने देईन. घटना एकच आहे, काम वेगळं आहे.

शिवाय तेव्हा तुम्ही शाळेत किंवा अकरावीत असाल. इतक्या जुन्या कामाचं वजन कमी होतं. त्यानंतर काही केलेलं असेल तर आधी ते लिहा.

थोडं मानधन मिळालं होतं. मग ते पगारी काम झालं का?

किनाऱ्यावर काही ठिकाणी कासवमित्रांना हंगामापुरतं मानधन मिळतं. सर्वेक्षणाच्या किंवा शिबिराच्या कामातही कधी मिळतं. "मानधनावर" हाच शब्द लिहा आणि काळ लिहा. नोकरी म्हणून दाखवू नका.

आणखी एक गोष्ट. कासवांचं हे काम वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये सुरू केलं आणि पुढे किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत पसरलं. त्यामुळे इथल्या मालकाला "हॅचरीची नोंदवही" म्हटलं की चित्र दिसतं. पुण्याच्या कंपनीत अर्ज करत असाल तर त्याच ओळीत काय नोंदवायचं होतं ते साध्या शब्दांत सांगावं लागेल.

ऑनलाइन फॉर्ममध्ये "एकूण अनुभव" असा रकाना असतो. तिथे काय भरू?

तिथे फक्त पगारी महिने. उदाहरणातल्या मुलीने दोन महिने भरावेत, चार नाही. मी वर केलेला तासांचा हिशेब स्वतःला कळण्यासाठी आणि कागदावर जागा वाटण्यासाठी आहे. तो आकडा फॉर्मात भरायचा नसतो.

मोठ्या कंपन्या रुजू करताना पगाराच्या पावत्या आणि आधीच्या ठिकाणचं कार्यमुक्तीपत्र मागतात. भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकावर आधीच्या नोकऱ्यांची नोंदही दिसते. मंडळाचं किंवा घरचं काम नोकरी म्हणून भरलंत तर त्याची पावती कुठून आणणार? काम खरं असूनही माहिती खोटी ठरते, आणि हातात आलेली जागा जाते. बिनपगारी कामासाठी फॉर्ममध्ये वेगळी जागा असेल तर तिथे लिहा, नसेल तर जोडलेल्या रेझ्युमेत ते असेलच.

सरकारी भरतीत याचा उपयोग होतो का?

जाहिरातीत लिहिलं असेल तेवढाच. अनुभवाची अट असेल तर कुठला अनुभव आणि कुणाचं प्रमाणपत्र हे जाहिरातच सांगते, आणि मंडळाची वही त्यात बसत नाही. मात्र काही ठिकाणी वजन आकड्यांतच ठरवून दिलेलं असतं. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या कॉन्स्टेबल भरतीत, म्हणजे एसएससी जीडीत, एनसीसीच्या "सी" प्रमाणपत्राला एकूण गुणांच्या पाच टक्के, "बी"ला तीन आणि "ए"ला दोन टक्के वाढीव गुण मिळतात. तिथे तुमचं मत किंवा माझं मत चालत नाही. एनसीसी केलेल्यांनी प्रमाणपत्र कुठलं आहे ते बघावं आणि जाहिरात शेवटपर्यंत वाचावी.

मुलाखतीत हे काम खरं आहे की फुगवलेलं, हे तुम्ही कसं ओळखता?

मी एकच विचारतो: "हिशेब जुळला नाही अशी एक वेळ सांगा." ज्याने वही खरोखर ठेवली आहे त्याला एखादी तरी लगेच आठवते. ती म्हणेल, पट्टीत दोन पेट्या कमी लागल्या होत्या, आम्ही बिल्टी काढून बघितली, पेट्या गाडीत चढल्या होत्या, मग दलालाला सांगितलं, पुढच्या पट्टीत त्यांनी वळत्या करून दिल्या. या उत्तरात तारीख नसली तरी चालते, पण क्रम असतो. ज्याने फक्त बाजूला उभं राहून बघितलं तो म्हणतो, "आमचं नेहमी जुळायचं." इतक्या पेट्या गेल्या आणि एकदाही तफावत नाही, असं होत नाही.

निवड करणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. उमेदवार बिनपगारी काम सांगायला लागला की "ते ठीक आहे, पण नोकरी कुठे केली?" असं म्हणून त्याला तोडू नका. हा एक प्रश्न विचारा आणि तीन मिनिटं ऐका. गावात राहून शिकलेल्या मुलांना शहरातल्यासारखी अर्धवेळ नोकरी मिळण्याची सोय नसते. त्यांचं शिकणं बागेत, मंडळात आणि शिबिरातच झालेलं असतं. आणि उत्तर पोकळ निघालं तर पगारी अनुभवाला लावता तीच कसोटी लावून नाही म्हणा.

नोकरी लागल्यावर ही कामं रेझ्युमेत किती काळ ठेवायची?

पहिली पगारी नोकरी वर्षभर झाली की ती वर जाते आणि बिनपगारी कामं आक्रसतात. आधी कोठी आणि मंडळाची वही निघतात, कारण स्टोअरमध्ये वर्षभर नोंदी केल्यावर तेच सांगणारा दुसरा पुरावा लागत नाही. एनएसएस शिक्षणाच्या ओळीत जातं. दोन-तीन वर्षांनी कासवांची एक ओळ राहिली तर राहू द्या, तुम्ही अजून जात असाल तर.

बागेचा हिशेब मात्र मी घाईने काढायला सांगणार नाही. त्या मुलीने पुढे खरेदी विभागात जायचं ठरवलं, तर बागायतदाराच्या बाजूने पट्टी वाचलेली असणं तिथे उपयोगी पडेल. अशा वेळी ती नोंद दोन ओळींत आणून तिथेच ठेवावी आणि अजून हंगामात ती हिशेब बघत असेल तर तारखा पुढे वाढवाव्यात.